मंजूर, पण कशामुळे?

"प्रस्तावावर सविस्तर चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर." वैद्यकीय महाविद्यालयांच्या एथिक्स कमिट्यांच्या इतिवृत्तांत अशा नोंदी असतात, आणि एका पानावर एकाखाली एक अशा दहा-दहाही असतात. चर्चा कसली झाली, कोणता धोका कुणाला दिसला, संशोधकाने त्यावर काय उत्तर दिलं आणि ते समितीला का पटलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. वर्षभराने एखाद्या सहभागी रुग्णाचे नातेवाईक जाब विचारायला आले, किंवा औषध नियंत्रकांचे निरीक्षक फाईल मागायला आले, तर समितीच्या हाती तेवढी एक ओळ उरते.

माणसांवर करायच्या संशोधनाला आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या समित्या केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदलेल्या असतात, इतर वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या समित्या केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे; दोन्हींची चौकट २०१९ च्या नव्या नियमांतून आली. समितीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचा. डॉक्टर असतात तसा एक कायदा जाणणारा असतो, समाजशास्त्र किंवा सामाजिक कामातला कुणी असतो, आणि एक अगदी सामान्य नागरिक, ज्याला सगळे 'ले पर्सन' म्हणतात. किमान पाच जण हजर नसतील तर गणपूर्ती होत नाही, आणि हे पाचही सगळे डॉक्टर असून चालत नाही.

इतिवृत्त लिहितो सदस्य सचिव. तो संस्थेतलाच असतो, बहुधा औषधशास्त्राचा प्राध्यापक. ते नीट लिहिलं तर कसं दिसतं, हे पाहायला एक प्रस्ताव कल्पनेने उभा करू. तो कुठल्या खऱ्या संस्थेचा नाही, पण त्यातले प्रश्न विदर्भातल्या कुठल्याही समितीपुढे येऊ शकतील असे आहेत.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधल्या दहा ते सोळा वर्षांच्या चारशे मुलांचं रक्त तपासून सिकलसेलचं प्रमाण काढायचं आहे. प्रत्येकाकडून पाच मिलीलिटर रक्त घेणार. संमतीपत्र मराठीत आहे आणि त्यावर सही मुख्याध्यापकांची, कारण पालक दूरच्या गावांत राहतात आणि मुलं वसतिगृहात. संशोधक तरुण आहे, तळमळीचा आहे, आणि या शाळांमध्ये आधी आरोग्य शिबिरं घेतलेला आहे.

बैठकीच्या सुरुवातीलाच एक लहानशी नोंद होते, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं असतं. समितीतले एक डॉक्टर या अभ्यासात सहसंशोधक आहेत. इतिवृत्तात लिहिलं जातं: "प्रस्ताव क्र. ४ चर्चेला येण्यापूर्वी संबंधित सदस्यांनी हितसंबंध जाहीर केला व ते सभागृहाबाहेर गेले. उर्वरित उपस्थिती सहा, गणपूर्ती कायम." ही मोजणी पुन्हा करावीच लागते. सुरुवातीला पाचच जण असते आणि त्यातला एक उठून गेला असता, तर उरलेल्या चौघांनी घेतलेला निर्णय कितीही शहाणपणाचा असला तरी टिकला नसता.

पहिला प्रश्न मुख्याध्यापकांच्या सहीचा. आश्रमशाळा मुलांना सांभाळते, जेवू घालते, आजारी पडली तर दवाखान्यात नेते. म्हणून ती त्यांची पालक होत नाही. याला एक जुनी जखम आहे. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा इथे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. पुढे संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. आंध्रातल्या अडीच हजारांहून अधिक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही. पण आई-वडिलांना कुणी विचारलंच नव्हतं हा मुद्दा त्यामुळे पुसला जात नाही.

दुसरा प्रश्न ले पर्सनने विचारला, असं समजू. निवृत्त पोस्टमास्तर असावेत. त्यांनी विचारलं, पाच मिलीलिटर कशाला? सिकलसेलची निदान तपासणी ज्या यंत्रावर होते त्याला फारच थोडं रक्त पुरतं. दोन मिलीलिटरची एक नळी भरली तरी खूप झालं. मग प्रस्तावाच्या शेवटच्या पानावरची एक ओळ वर आली: उरलेले नमुने 'भविष्यातील संशोधनासाठी' गोठवून ठेवले जातील. संमतीपत्रात तिचा उल्लेख नव्हता. म्हणजे तपासणीच्या नावाखाली घेतलेल्या रक्तातून पुढे जनुकांचा अभ्यास होऊ शकला असता आणि ते एकाही घराला कळलं नसतं. प्रमाणावरून हेतू उघडा पडतो तो असा. म्हणूनच अनुभवी समित्या प्रस्तावातला आकडा आणि संमतीपत्रातला आकडा शेजारी ठेवून वाचतात.

तिसरा प्रश्न समाजकार्यातल्या सदस्याचा: निकाल कुणाला सांगणार? प्रस्तावात लिहिलं होतं, 'शाळेला अहवाल दिला जाईल.' सिकलसेलचं जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेलं असेल, तर मूल फक्त वाहक असतं, सहसा ठणठणीत. दोघांकडून आलं तर आजार होतो. पण यादी वर्गात गेली की हा भेद उरत नाही. नावापुढची खूण तेवढी लक्षात राहते, आणि मुलगी असेल तर लग्न ठरवतानाही ती खूण निघते.

आता निर्णय. इथे समितीपुढे दोन वाटा असतात, आणि इतिवृत्तांची खरी पारख इथेच होते. अटींसह मंजुरी द्यायची की प्रस्ताव स्थगित ठेवायचा? सोपी कसोटी अशी: अट पूर्ण झाली की नाही हे सदस्य सचिवाला एकट्याला कागद पाहून ठरवता येईल का? माहितीपत्रकात संपर्काचा दूरध्वनी राहिला असेल, विम्याची मुदत अभ्यासाच्या आधी संपत असेल, तर सुधारित कागद आला की सचिव तपासतो आणि पत्र देतो. पण संमती कुणाची, हेच चुकलं असेल तर उत्तर आल्यावर सगळ्यांना पुन्हा विचार करावा लागतो. 'योग्य संमती घ्यावी या अटीवर मंजूर' असं लिहिणं म्हणजे पाया नंतर घाला म्हणून भिंतीला परवानगी देणं.

म्हणून आपल्या प्रस्तावाची नोंद अशी होते: "स्थगित. मुख्याध्यापकांची परवानगी शाळेत प्रवेशासाठी ग्राह्य. पालकांच्या संमतीस पर्याय नाही. पालकांची भाषा माडिया व गोंडी असल्याने केवळ लेखी मराठी पत्रक अपुरे. नमुना साठवणुकीचा हेतू संमतीपत्रात नाही. शासनाची सिकलसेल तपासणी मोहीम सुरू असताना या अभ्यासातून नवे काय कळेल, याचा खुलासा नाही. संशोधकांनी पुढील बैठकीत हजर राहावे." संशोधकाला जाणाऱ्या पत्रातही हीच कारणं जातात. ती न देता नुसतं 'स्थगित' कळवलं तर तो पुढच्या वेळी अंदाजाने चार गोष्टी बदलून आणतो आणि नेमकी चुकीची जागा तशीच राहते.

त्याच बैठकीत इतर बरंच असतं. ज्या काळात एम.डी.चे विद्यार्थी प्रबंधाचे आराखडे देतात तेव्हा तर ढीग लागतो. एकाला गेल्या पाच वर्षांचे न्यूमोनियाचे केसपेपर पाहायचे आहेत. जोखीम नाममात्र म्हणून तो पूर्ण बैठकीत न आणता त्वरित पद्धतीने दोन सदस्य तपासतात. रुग्णांची संमती माफ केली तरी माफ का केली हे लिहावं लागतं: त्यांना गाठणं व्यवहार्य नाही, नावं काढून टाकली जातील, धोका नगण्य. एवढं एक वाक्य पुरतं, पण ते हवं. दोन तासांत तीस प्रस्ताव उरकायचे ठरवले की पहिला बळी याच वाक्याचा जातो. मागच्या महिन्याचा मजकूर उचलून नवं शीर्षक टाकलं जातं, आणि हृदयविकाराच्या अभ्यासाखाली 'गर्भवती महिलांच्या सुरक्षिततेची खात्री केली' असं छापलेलं निघतं. नक्कल ओळखायची तर असाच एखादा बेवारशी तपशील शोधावा.

पुढच्या बैठकीत आपला संशोधक स्वतः आला. पालक जूनमध्ये मुलांना शाळेत सोडायला येतात आणि दिवाळीत न्यायला; त्या दोन वेळी गावातल्याच माहितगार व्यक्तीकरवी माडियात समजावून सांगायचं, वाचता न येणाऱ्यांसाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवायचा. मुलांचाही होकार घ्यायचा: बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. घरचे हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं, तर रक्त घ्यायचं नाही. रक्त दोन मिलीलिटर, साठवण रद्द. निकाल शाळेला नाही, पालकांना, उपकेंद्रात समुपदेशकासमोर. नवं काय कळेल याचंही उत्तर होतं: ज्या मुलांकडे सरकारी तपासणीचं कार्ड आहे त्यांच्या कार्डावरचा निकाल पडताळून पाहायचा. शिबिरात वापरली जाणारी साधी विद्राव्यता चाचणी वाहक आणि आजारी यांत फरक करू शकत नाही, आणि खात्रीची दुसरी चाचणी किती मुलांची राहून गेली हे कुणी मोजलेलं नव्हतं.

तरी एक मतभेद राहिलाच. बालरोगतज्ज्ञ सदस्यांचं म्हणणं, आजारी निघालेल्या मुलाला निदानाचा लगेच फायदा आहे, उपचार सुरू होतात. पण केवळ वाहक असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला आज ते कळून वैद्यकीय फायदा शून्य, आणि डाग मात्र आजपासून. ती सज्ञान होईपर्यंत ही माहिती का रोखू नये? इतरांचं उत्तर होतं की सरकारी मोहीम ती तशीही कार्डावर लिहून देते, आणि आई-वडिलांना पुढच्या मुलाबाबत ती आज उपयोगी आहे: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक. मतदान झालं. इतिवृत्तात दोन्ही बाजू उतरल्या, बालरोगतज्ज्ञांची असहमती त्यांच्या विनंतीवरून नावासह नोंदली गेली, आणि तिच्यातूनच एक अट निघाली: सहा महिन्यांनी संशोधकाने कळवावे की वाहक मुलांच्या किती पालकांनी निकाल ऐकल्यावर मूल आजारी आहे असे समजले, आणि ही संख्या लक्षणीय असल्यास निकाल सांगण्याचे काम समितीने पुन्हा पाहीपर्यंत थांबवावे.