यंदा गणपती १८ दिवस उशिरा का?



शाळा उघडल्यावर आमच्या पालक-शिक्षक संघाची पहिली बैठक झाली. विषय होता घटक चाचणीचं वेळापत्रक आणि शाळेतला गणेशोत्सव. संघाच्या एका सभासदांनी उत्साहाने मंडपवाल्याला आधीच आगाऊ रक्कम देऊन ठेवली होती. तारीख सांगितली होती १६ ऑगस्ट. त्यांचा हिशोब साधा होता. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला आले, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे दरवर्षी अकरा दिवस अलीकडे. मग यंदा २०२६ मध्ये १६ ऑगस्ट!

दिनदर्शिका उघडली तर गणेश चतुर्थी सोमवार, १४ सप्टेंबर. अलीकडे येण्याऐवजी गणपती १८ दिवस पलीकडे गेले. "हे पंचांगवाले मनाला येईल तशी तारीख ठरवतात," असं एक जण म्हणाले आणि बऱ्याच माना डोलल्या. मंडपवाला समजूतदार होता म्हणून पैसे वाचले, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण घरी मुलांनी विचारलं तर हेच उत्तर त्यांना मिळणार. खरं उत्तर पाचवी-सहावीच्या मुलाला वजाबाकीने कळेल इतकं सोपं आहे. त्या दिवशी सभासदांना फळ्यावर जे करून दाखवलं, तेच इथे मांडते.

आधी चोर कुठे शिरला ते शोधू

गेल्या वर्षीची आणि यंदाची दिनदर्शिका शेजारी ठेवा आणि चार सणांच्या तारखा लिहा.

गुढीपाडवा: २०२५ मध्ये ३० मार्च, यंदा १९ मार्च. ११ दिवस आधी.
अक्षय तृतीया: ३० एप्रिल, यंदा १९ एप्रिल. ११ दिवस आधी.
वटपौर्णिमा: १० जून, यंदा २९ जून. १९ दिवस उशिरा.
गणेश चतुर्थी: २७ ऑगस्ट, यंदा १४ सप्टेंबर. १८ दिवस उशिरा.

बघा, पाडवा आणि अक्षय तृतीया त्या सभासदांच्या हिशोबाप्रमाणेच अकरा दिवस अलीकडे आल्या. म्हणजे त्यांचा नियम चुकीचा नव्हता, अपुरा होता. अक्षय तृतीया आणि वटपौर्णिमा यांच्या मध्ये काहीतरी घडलं आणि तिथून पुढचे सगळे सण मागे ढकलले गेले. ते "काहीतरी" म्हणजे १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना. आपल्या घरातला धोंड्याचा महिना. जावयाला ३३ अनारशांचं वाण देऊन झालं असेल, तर तुम्हाला हे कारण आधीच माहीत होतं, फक्त गणपतीशी जोडलेलं नव्हतं.

अकरा दिवस येतात कुठून?

आपले बहुतेक सण चंद्राच्या महिन्यावर बसवलेले आहेत. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष मात्र ३६५ दिवसांचं. फरक जवळजवळ ११ दिवसांचा. म्हणून इंग्रजी दिनदर्शिकेत सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो.

हे असंच चालू दिलं तर काय होईल? तीन वर्षांत महिनाभराचा फरक पडेल, आणि काही वर्षांनी गणपती भर उन्हाळ्यात येतील. हिजरी कालगणनेत अधिक महिना धरत नाहीत, म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात, कधी पावसात. वर्गात मुस्लीम मुलं असतील तर त्यांच्या आजी-आजोबांना विचारायला सांगा. तिथे तो नियमच आहे, चूक नव्हे. आपल्या पंचांगात मात्र महिना ऋतूपासून फार दूर जाऊ द्यायचा नाही असं ठरलेलं आहे. म्हणून दरवर्षी साचणारे अकरा-अकरा दिवस जवळपास एका महिन्याइतके झाले की एक महिना जास्तीचा घालतात. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी ही वेळ येते.

आता पडताळा घ्या. २७ ऑगस्ट २०२५ ते १४ सप्टेंबर २०२६ हे दिवस मोजा. ३६५ अधिक १८, म्हणजे ३८३. आणि चंद्राचे तेरा महिने किती दिवसांचे? २९.५३ गुणिले १३, म्हणजे ३८४ ला थोडं कमी. जुळलं! गेल्या गणपतीपासून यंदाच्या गणपतीपर्यंत बारा नव्हे, तेरा महिने गेले आहेत. गणपती उशिरा आलेले नाहीत. ते भाद्रपदातच आले आहेत, भाद्रपदच मागे गेला आहे.

पण ज्येष्ठच का?

हा प्रश्न बैठकीत एका आईने विचारला आणि तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. अधिक महिना कोणीतरी बसून निवडत नाही का?

नाही. त्याला नियम आहे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्या क्षणाला संक्रांत म्हणतात. आपल्याला मकर संक्रांत तेवढी ठाऊक असते, पण वर्षात अशा बारा संक्रांती असतात. चंद्राच्या प्रत्येक महिन्यात, म्हणजे दोन अमावास्यांच्या मध्ये, साधारणपणे एक संक्रांत पडते. ज्या महिन्यात एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक. त्याला पुढच्या महिन्याचं नाव मिळतं.

यंदाचं उदाहरण तर शिकवायला घ्यावं असं आहे. वृषभ संक्रांत झाली १५ मेच्या सकाळी. वैशाखातली अमावास्या संपली १६ मेच्या मध्यरात्रीनंतर, १७ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास. तिथून नवा महिना सुरू झाला. पुढची अमावास्या संपली १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत. आणि मिथुन संक्रांत? त्याच दिवशी, पण दुपारी एकच्या सुमारास! संक्रांत साडेचार तासांनी हुकली. महिना संक्रांतीशिवाय कोरडा गेला, म्हणून तो अधिक ज्येष्ठ. मिथुन संक्रांत पडली ती पुढच्या महिन्यात, म्हणून तो निज ज्येष्ठ, म्हणजे खरा ज्येष्ठ. वटपौर्णिमा या दुसऱ्या महिन्यातली धरली, म्हणून ती १९ दिवस पुढे.

असं उन्हाळ्याच्या आसपास जास्त वेळा होतं. त्या काळात पृथ्वी सूर्यापासून लांब असते आणि संथ फिरते, त्यामुळे सूर्याला एक रास ओलांडायला ३१ दिवसांहून जास्त लागतात. चंद्राचा महिना मात्र साडेएकोणतीस दिवसांत उरकतो, म्हणून तो दोन संक्रांतींच्या मध्ये आरामात मावतो. हिवाळ्यात सौर महिना लहान असतो, तेव्हा ही संधी कमी. मुलांना दोरीचे दोन तुकडे कापून दाखवा, एक ३१ सेंटिमीटरचा आणि एक साडेएकोणतीसचा. लगेच कळतं.

महिना कळला, पण १४ तारीखच का?

यंदा आणखी एक गोंधळ आहे. हरतालिका आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आहेत. "छापण्यात चूक झाली का हो?" असं एका पालकांनी विचारलं. चूक नाही.

तिथी म्हणजे तारीख नव्हे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून तिथी कधी वीस तासांची, तर कधी सव्वीस तासांपर्यंतची असते आणि दिवसात कधीही सुरू होते. यंदा भाद्रपद शुद्ध चतुर्थी १४ सप्टेंबरला सकाळी सातनंतर सुरू होते आणि १५ सप्टेंबरला पावणेआठच्या सुमारास संपते. म्हणजे १४ च्या सूर्योदयाला तृतीया आहे आणि १५ च्या सूर्योदयाला चतुर्थी आहे.

बऱ्याच सणांना सूर्योदयाची तिथी बघतात. तसं केलं तर गणपती १५ ला यायला हवेत. पण गणेश चतुर्थीला मध्यान्हाची तिथी बघायची असते, कारण गणेशजन्म मध्यान्ही मानला जातो. सूर्योदय ते सूर्यास्त या दिवसाचे पाच सारखे भाग केले की मधला भाग म्हणजे मध्यान्ह. मुंबईत त्या दिवशी तो साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन येतो. १४ ला त्या पूर्ण वेळेत चतुर्थी आहे, १५ ला ती केव्हाच संपलेली आहे. म्हणून १४. आणि त्याच सकाळी सूर्योदयाला तृतीया आहे, म्हणून हरतालिकाही त्याच दिवशी. घरच्या बायकांची त्या दिवशी धांदल होणार हे खरं, पण ती चंद्राने केलेली आहे, छापखान्याने नव्हे.

वर्गात आणि घरी करून बघा

मुलांना २०२० पासूनच्या गणेश चतुर्थीच्या तारखा द्या: २२ ऑगस्ट २०२०, १० सप्टेंबर २०२१, ३१ ऑगस्ट २०२२, १९ सप्टेंबर २०२३, ७ सप्टेंबर २०२४, २७ ऑगस्ट २०२५, १४ सप्टेंबर २०२६. दोन-दोन तारखांमधले दिवस मोजायला सांगा. उत्तरं ३५४-३५५ तरी येतील, नाहीतर ३८३-३८४. मधलं एकही नाही. ३८३ किंवा ३८४ आलं की त्या वर्षी मध्ये अधिक महिना होऊन गेला. एखाद्याचं उत्तर ३५३ आलं, तर तो बहुतेक २०२४ च्या २९ फेब्रुवारीला विसरला आहे.

मोठ्या मुलांना एक कोडं द्या. सूर्याची १९ वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने जवळजवळ सारखे भरतात, म्हणून १९ वर्षांनी तारखा साधारण तिथेच परत येतात. घरात २००७ ची जुनी दिनदर्शिका असेल तर काढा. त्या वर्षीही अधिक ज्येष्ठच होता आणि गणपती आले होते १५ सप्टेंबरला. यंदापेक्षा एकाच दिवसाचा फरक!

आमच्या त्या सभासदांनी बैठक संपताना विचारलं, "मग पुढच्या वर्षी काय धरू?" त्यांना सांगितलं, २०२७ च्या गणपतीआधी अधिक महिना नाही, त्यामुळे तुमचाच नियम चालेल, दहा-अकरा दिवस अलीकडे या. पंचांगात ४ सप्टेंबर आहे. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२८ मध्ये, २३ ऑगस्ट. आणि २०२९ मध्ये पुन्हा अधिक महिना आहे, चैत्र. त्या वर्षी मंडपवाल्याला पैसे देण्याआधी घरातल्या सासूबाईंना एवढंच विचारा, "धोंड्याचा महिना कधी आहे?"