नाव गाळले, तरी रुग्ण ओळखू येतो

रुग्णाच्या घरातील गोष्टी वैद्याने बाहेर सांगू नयेत, असा दंडक चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात आहे. व्यवसायबंधूंच्या बैठकीत रुग्णवृत्तांत सांगताना मात्र पुष्कळदा केवळ नाव गाळले जाते. ‘तारापूरच्या रंगांच्या कारखान्यात रात्रपाळीस जाणारा, केळव्याचा, त्वचाविकाराचा रुग्ण’ एवढ्यावरून बोईसरचा औषधविक्रेता त्यास सहज ओळखू शकतो. म्हणून आम्ही गाव, पाळी व कारखाना वगळतो. रसायनांशी येणारा संपर्क तेवढा सांगतो, कारण निदानास तो आवश्यक असतो. रुग्णास अन्य वैद्याकडे पाठविताना त्याचा क्रमांक परस्पर न देता, त्या वैद्याच्या चिकित्सालयाचा क्रमांक रुग्णास द्यावा. म्हणजे संपर्क साधावा की नाही, हे रुग्णच ठरवितो.