‘फक्त होलसेल’ : मोबाइलवरची जाहिरात कशी वाचावी



पारधी वस्तीवरच्या एका ताईने मला मोबाइल दाखवला. ती आठवडी बाजारात कटलरी विकते, म्हणजे केसांच्या क्लिपा, पिना, रबर, टिकल्या, फण्या. जत, डफळापूर, माडग्याळ, कधी उमदी किंवा संख. डोक्यावर पेटी, हातात ताडपत्री. मोबाइलवर क्लिपांचे फोटो होते आणि खाली मजकूर असा : ‘फक्त होलसेल. फॅन्सी क्लिप 96 रुपये डझन. मिनिमम ऑर्डर 7,200. जीएसटी वेगळा. ट्रान्सपोर्ट टू-पे. पहिली ऑर्डर अॅडव्हान्स, नंतर 15 दिवस उधारी. रोख दिल्यास 3 टक्के सूट. कॅटलॉगसाठी मेसेज करा.’

ती म्हणाली, “दादा, मिरजेचा दुकानदार हीच क्लिप दहा रुपयाला देतो. इथं आठ रुपयाला पडते. फिरत्या निधीतून पैसे द्या.”

हा निधी तुमच्या देणगीतून उभा राहिला आहे, म्हणून त्या दिवशी आम्ही दोघांनी कागदावर जो हिशेब मांडला, तो तुमच्यापुढे ठेवतो. मंडळीत छोटे दुकान चालवणारेही आहेत. अशा जाहिराती त्यांच्याकडेही येतच असतील.

आधी मिनिमम ऑर्डर. 96 रुपये डझनाने 7,200 रुपयांत 75 डझन, म्हणजे 900 क्लिपा येतात. ‘जीएसटी वेगळा’ म्हणजे बिलावर कराची रक्कम चढते. या मालाला 5 टक्के धरले तर 360 रुपये. ‘टू-पे’ म्हणजे भाडे माल पाठवणारा देत नाही, माल सोडवून घेणाऱ्याने ते ट्रान्सपोर्टच्या गोदामात भरायचे. ते 340 धरले. गोदाम सांगली-मिरजेकडे असते, दारात नव्हे. तिथून जतपर्यंत टेम्पो आणि हमाली मिळून 200. एकूण 8,100 रुपये झाले. आठ रुपयांची क्लिप घरी येईपर्यंत नऊ रुपयांची झाली. तरी दहापेक्षा कमीच. ताईला बरे वाटले.

मग मी विचारले, “आठवड्याला किती क्लिपा खपतात?” ती दोन बाजार करते. एका बाजारात पंचवीसेक, म्हणजे आठवड्याला पन्नास. विक्री पंधरा रुपयांची सांगून बाराला होते, कारण घासाघीस केल्याशिवाय बाजारात कोणी वस्तू उचलत नाही. 900 क्लिपा खपायला अठरा आठवडे लागणार. सगळ्या खपणारही नाहीत. काहींची स्प्रिंग तुटते, काहींचा रंग उडतो आणि चार महिन्यांनी मुलींना तेच डिझाइन नको असते. 150 राहतील असे धरले. उरलेल्या 750 विकून, बारा रुपयांप्रमाणे, 9,000 रुपये आले. त्यातून 8,100 गेले, उरले 900. तेही पंधरा आठवड्यांनी. आठवड्याला 60 रुपये.

आता मिरजेचा दुकानदार. तो दहा रुपयांनी देतो, पण चार डझन घेतले तरी देतो. 48 क्लिपांचे 480 रुपये भरायचे आणि आठवड्यात 576 रुपयांना विकायच्या. 96 रुपये उरतात. न खपलेले डिझाइन तो बदलूनही देतो. अडकते फक्त 480 रुपयांचे भांडवल, 8,100 चे नव्हे. मिरजेला ती दुसऱ्या कामासाठीही जातेच, म्हणून जाण्याचा खर्च मी धरला नाही. केवळ क्लिपांसाठी जाणाऱ्याने तो धरायला हवा, आणि मग हा फरक कमी होईल.

ताई बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे दोन रुपयं स्वस्त घेऊन मी गरीब झाले असते.”

त्या दिवसापासून आम्ही एक माप धरले आहे. मिनिमम ऑर्डरचा माल आपल्या चार आठवड्यांच्या खपापेक्षा जास्त असेल तर एकटीने घ्यायचा नाही. जत्रेच्या आधी हे माप सैल करता येते. जतच्या यल्लमादेवीच्या यात्रेत चार दिवसांत जितका खप होतो तितका एरवी कित्येक आठवड्यांत होत नाही. पण यात्रेचा माल यात्रेआधी हातात पडला पाहिजे. ट्रान्सपोर्टने यायला आठवडा लागू शकतो, आणि बिल्टी वेळेवर मिळाली नाही तर माल गोदामातच पडून राहतो आणि वर डेमरेज चढते. म्हणून पैसे पाठवण्याआधीच ‘बिल्टीचा फोटो कोणत्या दिवशी पाठवाल?’ हे विचारून घ्यावे.

उधारीचा भाग मला अधिक नाजूक वाटतो. ‘15 दिवस उधारी’ वाचले की माल आल्यावर पंधरा दिवस असे आपण समजतो. बहुतेक वेळा मोजणी बिलाच्या तारखेपासून होते. माल यायला सात दिवस लागले तर हातात आठच उरतात, म्हणजे ताईचे चार बाजारही होत नाहीत. शिवाय रोखीची 3 टक्के सूट सोडावी लागते. 7,200 वर ती 216 रुपये होते. पंधरा दिवस पैसे वापरण्याची ती किंमत झाली, महिन्याला शेकडा सहा. बचत गटातून शेकडा दोनने 7,200 घेतले तर पंधरा दिवसांचे व्याज 72 रुपये होते. म्हणून सूट मिळत असेल तर गटाचे कर्ज काढून रोख द्यावे. उधारी फुकट दिसते, पण तिचे पैसे दरात आधीच घातलेले असतात.

काही व्यापारी उधारीसाठी पुढच्या तारखेचा चेक मागतात, काही सही केलेला कोरा चेक मागतात. कोरा चेक कधीही देऊ नये. त्यावर रक्कम कोण भरणार, हे आपल्या हातात राहत नाही. तारखेचा चेक देताना त्या तारखेला खात्यात पैसे असतील याची खात्री हवी. चेक परत गेला तर बँकेचा दंड बसतोच. शिवाय व्यापाऱ्याने कायद्याप्रमाणे नोटीस पाठवल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी खटला होऊ शकतो.

आमच्या वस्त्यांवर याचा अर्थ वेगळा होतो. 1871 च्या कायद्याने पारध्यांसह अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण लोकांच्या मनातून तो गेलेला नाही. कोर्टाचा कागद घेऊन पोलीस वस्तीवर आला तर चेकचा विषय आहे की चोरीचा, हे शेजारी विचारत नाहीत. म्हणून नवीन व्यापाऱ्याकडून चेकवर उधारी घेऊ नका, असेच मी या बायकांना सांगतो. दुसरा कोणी हा सल्ला जास्तच सावध आहे म्हणेल. म्हणू दे.

उधारी देण्याआधी व्यापारी ‘ओळख’ मागतो, आणि पारधी बाईला ओळख देणारा सहसा कोणी नसतो. इथे तुमच्यापैकी दुकानदार बंधूंची मदत होऊ शकते. ओळख देणे आणि जामीन राहणे यांत मात्र फरक आहे. ‘ही बाई माझ्या माहितीची आहे, तीन वर्षे बाजार करते, माझे देणे तिने वेळेवर फेडले’ असे सांगणे म्हणजे ओळख. ‘तिने नाही दिले तर मी देईन’ म्हणणे म्हणजे जामीन. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहणाऱ्याला काय सांगितले आहे ते आपण वाचले आहे. ओळख मोकळ्या मनाने द्या. जामीन राहायचे असेल तर रक्कम आणि मुदत कागदावर लिहून घ्या.

आता कॅटलॉग. मेसेज केला की एक पीडीएफ येते, पानोपानी फोटो आणि प्रत्येकाखाली नंबर. दर अनेकदा नसतो; तो मागून घ्यावा लागतो आणि लिहूनच मागावा. ‘असॉर्टेड’ लिहिलेले असेल तर रंग व्यापारी निवडणार. गुलाबी आणि लाल आपल्याकडे खपतात, पण डझनात निम्मे करडे आले तरी तक्रार करता येत नाही. ‘स्टॉक संपल्यास पर्यायी डिझाइन’ अशी ओळ असेल तर ‘पर्याय नको, पैसे परत’ असे ऑर्डरमध्येच लिहावे. तुटका माल किती दिवसांत कळवायचा, हेही विचारावे. पेटी उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा.

कॅटलॉगसाठी किंवा ‘डीलर नोंदणी’साठी पैसे मागितले की तिथेच थांबावे. आमच्याच गटातल्या एका ताईचे 2,000 रुपये असे गेले. आधी 200 नोंदणीचे, मग 1,800 बुकिंगचे, मग फोन बंद. त्या वेळी मी फोटो बघून ‘चांगले दिसतेय’ असे म्हणालो होतो. ती चूक माझीही आहे.

आता आम्ही पैसे पाठवण्याआधी जीएसटी नंबर मागतो. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्राचे 27, गुजरातचे 24, कर्नाटकाचे 29, दिल्लीचे 07. दुकान सुरतेचे सांगतात आणि नंबर 07 ने सुरू होतो, तर का ते विचारावे. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला की फर्मचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसते. मात्र एवढ्यावर विसंबू नये, कारण दुसऱ्याचा खरा नंबर कोणीही जाहिरातीत टाकू शकतो. म्हणून तिथले नाव आणि पैसे पाठवताना यूपीआयवर दिसणारे नाव जुळते का ते पाहावे. फर्म एकाची आणि खाते भलत्याच माणसाचे, तर पैसे पाठवू नयेत. ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हटले तर फोन ठेवावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

त्या 96 रुपये डझनवाल्याची नोंदणी चालू निघाली, खातेही फर्मचेच होते. माणूस खरा होता, फक्त त्याची मिनिमम ऑर्डर आमच्या ताईच्या पेटीपेक्षा मोठी होती. म्हणून पाच जणींनी मिळून माल मागवला. प्रत्येकीच्या वाट्याला 180 क्लिपा आल्या, नऊ रुपयांच्या भावाने 1,620 रुपयांच्या. चार आठवड्यांच्या आत खपतील एवढ्याच. पैसे रोख दिले. 3 टक्के सुटीचे 216 रुपये गटाच्या वहीत वेगळे ठेवले, तुटलेल्या मालासाठी.

भांडण झाले ते डिझाइनवरून. पाचही जणींना मोत्यांची क्लिप हवी होती, आणि त्यातल्या तिघी एकाच बाजारात बसतात. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. बिल एकीच्या नावावर आहे, म्हणून बाकी चौघींनी तिच्या वहीत आपापला आकडा लिहून अंगठा किंवा सही केली. यात्रेच्या ऑर्डरला मोत्यांची क्लिप ज्यांना या वेळी मिळाली नाही त्यांना आधी, असे ठरले आहे.