कोरी जागा कुठे सोडायची?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुणालाही ‘जीटी’ म्हणजे काय ते विचारा. काच आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट काचेवर पसरायची आणि तिच्यावर आपला कोरा कागद ठेवून रेषा गिरवायच्या. ग्लास ट्रेसिंग. शीट देखणी होते, सही मिळते, आणि परीक्षेत नुसती एक्सवाय रेषा मारून पोरगा छताकडे बघत बसतो.

यात आळसाचा भाग असतो, पण सगळा दोष आळसाचा नाही. वर्गात शिक्षक तासाभरात फळ्यावर तीन टप्प्यांची आकृती उभी करतात. शेवटी दिसते ती पूर्ण आकृती. कोणती रेषा आधी आली आणि का आली, हे डस्टरबरोबर पुसले जाते. तेच व्याख्यान टप्प्याटप्प्याच्या सरावपानांत उतरवता येते. पानावर काही दृश्ये दिलेली असतात, एक कोरे असते आणि ते विद्यार्थ्याने पुरे करायचे असते. ऐकायला सोपे आहे. कस लागतो तो कोरी जागा नेमकी कुठे सोडायची हे ठरवताना.

नेहमीचेच एक उदाहरण घेऊ. 30 मिमी बाजूची षटकोनी पातळ पट्टी एका बाजूवर जमिनीवर, म्हणजे एचपीवर, टेकली आहे. तिचा पृष्ठभाग एचपीशी 45 अंशांत कलला आहे आणि टेकलेली बाजू समोरच्या उभ्या प्रतलाशी, व्हीपीशी, 30 अंशांचा कोन करते. तिचे प्रक्षेप काढा.

फळ्यावर हे तीन टप्प्यांत सुटते. पहिल्यात पट्टी जमिनीवर सपाट पडली आहे असे धरायचे. एक्सवायच्या खाली टॉप व्ह्यूमध्ये खराखुरा षटकोन येतो, वर फ्रंट व्ह्यूमध्ये 52 मिमीची नुसती रेषा. दुसऱ्या टप्प्यात ती रेषा 45 अंशांत उचलायची. खालचा षटकोन आडवा आक्रसून जवळपास 37 मिमीचा होतो. तिसऱ्यात हा आक्रसलेला षटकोन जसाच्या तसा फिरवायचा आणि त्याच्यावरून शेवटचा फ्रंट व्ह्यू काढायचा.

आता शिक्षकाने आपलाच तास आठवावा आणि खडू कुठे कुठे थांबला ते लिहून काढावे. या उदाहरणात तो फार वेळा थांबत नाही. पहिल्यांदा थांबतो तो षटकोन कसा ठेवायचा हे ठरवताना: टेकणारी बाजू एक्सवायला लंब हवी, नाहीतर फ्रंट व्ह्यूमधली रेषा एका टोकावर टेकवून उचलताच येत नाही. पुढे टॉप व्ह्यू आक्रसतो तेव्हा कोणते माप बदलते आणि कोणते जसेच्या तसे राहते, हा प्रश्न येतो. शेवटी प्रत्येक बिंदू दोन ठिकाणांहून आणावा लागतो. उंची मागच्या फ्रंट व्ह्यूमधून आडवी, जागा खालच्या टॉप व्ह्यूमधून उभी. बाकी सगळे हाताचे काम आहे. कोऱ्या जागा या थांब्यांवर सोडायच्या, हाताच्या कामावर नाही.

म्हणून पहिल्या पानावर तिन्ही टप्पे पूर्ण काढलेले, फक्त अक्षरे गायब. विद्यार्थ्याने टेकलेल्या बाजूला एबी म्हणायचे आणि उरलेल्या चार कोपऱ्यांची नावे प्रत्येक दृश्यात भरायची. दुसऱ्या पानावर दुसऱ्या टप्प्याचा टॉप व्ह्यू कोरा असतो, पण त्याच्याकडे येणाऱ्या उभ्या-आडव्या बारीक रेषा फिकट छापलेल्या असतात. तिसऱ्या पानावर त्या रेषाही नाहीत. चौथ्यावर शेवटचा फ्रंट व्ह्यू कोरा. पाचव्यावर प्रश्न आणि एक्सवाय, बस्स.

आधार असा हळूहळू काढून घेण्यामागे अभ्यास आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985मध्ये दाखवले, की बीजगणितात नवख्यांना सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, तर नुसते प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात. पुढे नेदरलँड्सचे येरून व्हान मेरिएनबूर यांनी प्रोग्रॅमिंग शिकवताना अर्धवट सोडलेली उत्तरे पुरी करायला देण्याची पद्धत मांडली. कोरे दृश्य त्याच कुळातले.

चूक कुठे झाली हे अशा पानावर लगेच कळते. दुसऱ्या टप्प्यात पट्टी फक्त एका दिशेने आक्रसते. षटकोनाची कोपरा ते कोपरा 60 मिमी खोली तशीच राहायला हवी. ती 42 झाली असेल, तर पोराने दोन्ही मापांना 45 अंश लावले. शेवटच्या फ्रंट व्ह्यूची आकृती फुलपाखरासारखी स्वतःलाच छेदत असेल, तर अक्षरे अदलाबदल झाली. आणि एक तपासणी विद्यार्थी स्वतःच करू शकतो: त्या दृश्यात एबी एक्सवायवर टेकलेली दिसते, तिची लांबी 26 मिमी, आणि तिला समांतर असलेला मधला कर्ण 52, म्हणजे बरोबर दुप्पट. हे दोन आकडे पानाच्या मागे छापले, तर उत्तरपत्रिकेची निम्मी गरज संपते.

पाने बनवताना फळ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो छापायचा मोह आवरावा. फोटो जरा तिरका आला की 45 अंश 45 राहत नाहीत. एखाद्या कॅड प्रोग्रॅममध्ये आकृती एकदाच काढून प्रत्येक दृश्य, अक्षरे आणि फिकट रेषा वेगवेगळ्या लेअरवर ठेवल्या, तर हवे ते लेअर बंद करून पाचही पाने निघतात. कोऱ्या दृश्याभोवती मात्र उत्तराच्या मापाची चौकट आखू नये. चौकटच उत्तर सांगून टाकते. चुकीचे उत्तरही मावेल एवढी जागा हवी. तिन्ही टप्प्यांची रुंदी मिळून 141 मिमी होते, त्यामुळे आडव्या ए-फोरवर ती आरामात मिळते.

छपाईचीही एक खोडी आहे. प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ राहून गेले की सगळे थोडे लहान होते. कोन बरोबर, मापे चूक. मग मूल 52ऐवजी 50 मोजते आणि स्वतःलाच दोष देते. कोपऱ्यात 100 मिमीची एक रेषा छापावी आणि झेरॉक्सचा गठ्ठा काढण्याआधी ती पट्टीने मोजावी. जवळच फर्स्ट अँगलचे चिन्हही हवे, कारण अमेरिकी व्हिडिओ बघून आलेली मुले टॉप व्ह्यू वर काढतात.

या संचाला एक मोठी मर्यादा आहे. पहिल्या चार पानांवर षटकोन आधीच योग्य ठेवलेला असतो, त्यामुळे तो कसा ठेवायचा हा सगळ्यात अवघड निर्णय विद्यार्थी थेट पाचव्या पानावर घेतो. त्यासाठी वेगळे पान करावे: चार मांडण्या, चार प्रश्न, जोड्या लावा, रेघ एकही काढायची नाही. शिवाय 30 अंश कोणत्या दिशेने हे प्रश्नात नसेल, तर आरशातले उत्तरही बरोबरच धरावे लागते. पुढे पट्टीच्या जागी प्रिझम आला की कोणती कडा दिसते आणि कोणती तुटक काढायची, हा नवा थांबा येतो. त्याची कोरी जागा या संचात कोंबू नये. तिला स्वतंत्र पान द्यावे.