दहा कोटी व्ह्यूज आणि दवाखान्याची नोंदवही

५ मार्च २०१२ रोजी ‘इन्व्हिजिबल चिल्ड्रन’ या अमेरिकी संस्थेनं ‘कोनी २०१२’ हा सुमारे अर्ध्या तासाचा व्हिडिओ यूट्यूबवर आणला. लहान मुलांना पळवून सैनिक बनवणारा युगांडाचा बंडखोर जोसेफ कोनी जगाला माहीत व्हावा आणि वर्षअखेरीपर्यंत पकडला जावा, हे उद्दिष्ट होतं. आठवड्याच्या आत व्हिडिओ दहा कोटी वेळा पाहिला गेला. मात्र २० एप्रिलच्या रात्री शहरं पोस्टरांनी भरून टाकायची हाक दिली, तेव्हा अनेक ठिकाणी मोजकेच लोक आले. वर्ष संपलं तरी कोनी मोकळाच होता.

उद्दिष्टाचा पहिला भाग व्हिडिओच्या आवाक्यातला होता आणि तो साधलाही. अटक मात्र आफ्रिकेतल्या जंगलात शोध घेणाऱ्या फौजांच्या हाती होती. म्हणून व्हिडिओ बघून कोणी, कुठे, काय वेगळं करायचं, हे संस्थेनं चित्रीकरणाआधीच ठरवायला हवं.

समजा, कोकणातल्या एका तालुक्यात सर्पदंशावर काम करणारी छोटी संस्था आहे. ‘जनजागृती करणे’ हे तिचं उद्दिष्ट मोजता येणार नाही. ‘साप चावलेला माणूस मांत्रिकाकडे न नेता थेट ग्रामीण रुग्णालयात आणावा’ हे मोजता येईल. त्यासाठी आधी मागच्या पावसाळ्याची स्थिती कळायला हवी. रुग्णालयाच्या परवानगीनं, नावं वगळून पाहिलं आणि समजा, ४० रुग्णांपैकी २४ आधी मांत्रिकाकडे गेले होते. पुढच्या पावसाळ्यात हे प्रमाण ४० मागे १६ वर आणणं, हे एका व्हिडिओसाठी पुरेसं मोठं उद्दिष्ट आहे. शून्याचं वचन देणगीदाराला देऊ नये.

व्ह्यूजचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. फेसबुकवर तीन सेकंद पाहिलं तरी व्ह्यू मोजला गेला आहे. त्यापेक्षा प्रेक्षक त्या परिसरातले किती आणि ‘१०८ ला फोन करा’ हे वाक्य येईपर्यंत टिकले किती, हे पाहावं. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला गळाले, हे यूट्यूबच्या आलेखात दिसतं. वाक्य चाळिसाव्या सेकंदाला असेल आणि निम्मे लोक दहाव्यालाच निघून जात असतील, तर ते वाक्य सुरुवातीला आणावं. नवा कॅमेरा घ्यायची गरज नाही.

नोंदवहीही चकवते. मांत्रिकाकडेच दगावलेला माणूस तिच्यात कधी येतच नाही. त्यामुळे मोहीम चालली, तर रुग्णालयातले सर्पदंशाचे रुग्ण वाढलेले दिसतील. ती वाढ अपयश समजून संस्थेनं घाबरू नये. शिवाय ४० हा आकडा लहान आहे, पाऊस कमी झाला तरी तो हलतो. म्हणून व्हिडिओ न पोचलेल्या शेजारच्या तालुक्याची त्याच महिन्यांची नोंद बाजूला ठेवून बघावी, आणि ती मिळवण्याची बोलणी पावसाळ्याआधीच, एप्रिल-मे महिन्यांत उरकावीत.