विश्लेषण : १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी किती वॅटचा एलईडी लावावा?

‘नऊ वॅटचा द्या’ असे सांगून आणलेला एलईडी बल्ब स्वयंपाकघरात लख्ख वाटतो आणि तोच बैठकीत लावला की अंधूक. बल्बात दोष नसतो, हिशेब चुकलेला असतो. नव्या बल्बची निवड वॅटवरून नव्हे तर ल्युमेनवरून का करायची आणि ल्युमेनचे ‘जुन्या वॅट’मध्ये रूपांतर कसे करायचे, हे परभणी तालुक्यातील पिंगळी येथील एका साध्या घराच्या उदाहरणावरून पाहू.

वॅट आणि ल्युमेनमध्ये फरक काय?

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो, तर ल्युमेन म्हणजे तो सर्व दिशांना मिळून किती प्रकाश देतो. काचेच्या गोळ्यात तार तापवणारा जुना बल्ब वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने बनत होता. त्यामुळे ४० म्हणजे मंद, ६० म्हणजे मध्यम आणि १०० म्हणजे लख्ख, असे वॅटवरूनच कळायचे. एलईडीत हे समीकरण मोडले. ९ वॅटचा एक एलईडी ७५० ल्युमेन देतो, तर दुसरा ९००. म्हणून खोक्यावरचा वॅटचा ठळक आकडा विजेच्या बिलासाठी वाचायचा आणि ल्युमेनचा, म्हणजे ‘एलएम’ अक्षरांपुढचा, बारीक आकडा उजेडासाठी.

रूपांतर कसे करायचे?

आपल्याकडील २३० व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या साध्या बल्बचा प्रकाश ढोबळमानाने असा होता :

- २५ वॅट : सुमारे २२० ल्युमेन
- ४० वॅट : सुमारे ४१० ल्युमेन
- ६० वॅट : सुमारे ७०० ल्युमेन
- १०० वॅट : सुमारे १,३५० ल्युमेन

दुकानात तोंडी हिशेब करायचा तर ल्युमेनला १२ने भागावे. जुने वॅट अंदाजे मिळतात. ८१० ल्युमेनचा एलईडी म्हणजे साधारण ६५ वॅटचा जुना बल्ब. मात्र १२ हा मधला आकडा आहे. छोट्या बल्बसाठी १० आणि १०० वॅटसाठी साडेतेरा धरला तर उत्तर जास्त अचूक येते. याचे कारण तारेत आहे. मोठ्या वॅटच्या बल्बची तार जाड असते, ती जास्त तापवता येते आणि तापमान वाढले की त्याच विजेत जास्त प्रकाश मिळतो.

इंटरनेटवरील तक्त्यात ६० वॅटपुढे ८०० का दिसते?

तो आकडा बहुतेक वेळा अमेरिकेतला असतो. तिथे घरगुती वीज १२० व्होल्टची आहे. कमी व्होल्टच्या बल्बची तार जाड असल्याने त्याच वॅटमध्ये तो जास्त प्रकाश देतो. युरोपात वीज आपल्यासारखीच, पण तिथल्या २००९च्या नियमाने ‘६० वॅटइतका’ असे छापण्यासाठी एलईडीला किमान ८०६ ल्युमेनची अट घातली. एलईडी फुटत नाही, तर हळूहळू मंद होत जातो. सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर प्रकाश आला की त्याचे आयुष्य संपले असे साधारणपणे मानतात. ही घट गृहीत धरून थोडा वाव ठेवलेला आहे. आपणही ७००च्या जागी ८००चा बल्ब घेतला तर तोटा नाही.

पिंगळीतील घराचा हिशेब

समजा, घरात बैठकीत १००, स्वयंपाकघरात ६० आणि ओसरीत ४० वॅटचा जुना बल्ब आहे. बाजारातील साधा एलईडी एका वॅटला ९० ल्युमेन देतो असे धरू. बैठकीला १,३५० ल्युमेन हवेत, म्हणजे १५ वॅटचा एलईडी. स्वयंपाकघराला ७०० हवेत. ९ वॅटचा बल्ब ८१० देतो, तो पुरेसा. ओसरीला ४१० हवेत. ५ वॅटचा ४५० देतो.

तिन्ही बल्ब रोज पाच तास चालले तर जुन्या २०० वॅटचे महिन्याला ३० युनिट होत होते. नव्या २९ वॅटचे साडेचारही होत नाहीत. सुमारे २५ युनिट वाचतात. महावितरणच्या दरात १०० युनिटनंतर पुढचा महाग टप्पा सुरू होतो. ज्या घराचा वापर १०० ते १२५ युनिटच्या दरम्यान आहे, ते एवढ्याने पहिल्या टप्प्यात येते.

आता तिन्ही ठिकाणी सरसकट ९ वॅटचेच बल्ब लावले तर? बैठकीला १,३५०ऐवजी ८१० ल्युमेन मिळतात, म्हणजे ४० टक्के उजेड गेला. त्या बदल्यात बैठकीत महिन्याला एक युनिटही वाचत नाही. उलट ओसरीत गरजेच्या दुप्पट प्रकाश पडतो. मुले अभ्यासाला बसतात ती खोली अंधारी आणि ओसरी लख्ख, असा हा सौदा आहे.

सरकारी योजनेतील बल्ब कोणत्या वॅटचे?

५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत आधी ७ आणि नंतर ९ वॅटचे बल्ब दिले गेले. मार्च २०२१मधील ‘ग्राम उजाला’ योजनेत चालू स्थितीतील जुना बल्ब जमा केल्यावर दहा रुपयांत ७ किंवा १२ वॅटचा एलईडी देण्यात येत होता. महाराष्ट्रातून त्यासाठी नागपूर भाग निवडला होता. एका वॅटला १०० ल्युमेन धरले तर ७ वॅट म्हणजे ७००, जुन्या ६०च्या बरोबर. १२ वॅट म्हणजे १,२००, जुन्या १००पेक्षा थोडा कमी.

मग कमी ल्युमेनचा बल्बही कधी कधी जास्त उजळ का वाटतो?

पहिले कारण व्होल्टेज. ग्रामीण भागात संध्याकाळी व्होल्टेज पडून १८०वर आले की जुन्या बल्बचा प्रकाश निम्म्याहून कमी व्हायचा. १०० वॅटचा बल्ब तेव्हा जेमतेम ६०० ल्युमेन देत असे. आत चांगला ड्रायव्हर असलेला एलईडी त्याच व्होल्टेजवर जवळपास पूर्ण प्रकाश देतो. स्वस्त बल्ब मात्र व्होल्टेजबरोबर मंद होतो.

दुसरे कारण दिशा. जुना गोळा वर छपराकडेही प्रकाश फेकायचा. एलईडीचा मागचा भाग झाकलेला असतो, त्यामुळे तो लटकता लावला की प्रकाश मुख्यतः खाली येतो. भिंतीवर आडवा लावला तर हा फायदा राहत नाही.

‘झिरो’च्या बल्बचे काय?

नाव ‘झिरो’ असले तरी जुना रंगीत छोटा बल्ब सुमारे १५ वॅट खात असे. बिनरंगी काचेचा असाच बल्ब शंभरेक ल्युमेन देई. अर्ध्या वॅटचा एलईडी साधारण ५०च्या आसपास देतो. रात्री वाट दिसण्यापुरता तो ठीक आहे. देवघरात पोथी वाचायची असेल तर दोन-तीन वॅटचा लागेल.

खोक्यावरचा दावा कसा तपासायचा?

ल्युमेनला वॅटने भागावे. साध्या बल्बचे उत्तर ८० ते १२०च्या दरम्यान येते. बीईईच्या लेबलवरील तारेही याच गुणोत्तरावर मिळतात. ‘९ वॅट म्हणजे ९० वॅट’ असे छापले असेल तर किमान १,२०० ल्युमेन लिहिलेले हवेत. तिथे ८१० असतील तर तो ६०चाच बल्ब आहे. आणि ल्युमेनचा आकडाच नसेल तर त्या बल्बचा उजेड लावून पाहिल्याशिवाय कळणार नाही.