थंड इंजिनापासून सुरू होणारा व्हिडिओ

जुनी स्कूटर विकायचा व्हिडिओ बहुतेकदा धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीभोवती फिरतो. खरेदीदाराला मात्र आधी ऐकायचा असतो सकाळचा पहिला स्टार्ट. गरम इंजिन सहज सुरू होतं आणि थंडपणीची कुरकुर लपवतं. म्हणून संहितेचं पहिलं वाक्य असं असावं: ‘गाडी रात्रभर बंद होती, सायलेन्सरला हात लावून दाखवतो.’ मग न कापलेल्या एकाच शॉटमध्ये बटण, आवाज आणि धूर. थंडीत पांढरट वाफ दिसून विरते, तर निळसर धूर टिकला की इंजिन ऑइल जळत असल्याची शंका घ्यावी.

समजा, 2018 ची स्कूटर 42 हजार किलोमीटर चालली आहे. मीटर दाखवताना बोलावं, ‘डाव्या पॅनलला ओरखडा आहे, मागचा टायर गुळगुळीत झालाय, बदलावा लागेल. किंमत तो खर्च धरूनच सांगितली आहे.’ दोष आधीच सांगितला की घासाघीस कमी होते, हा व्यवहारी फायदा.

‘कागद क्लिअर आहेत’ एवढं पुरत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे बोलून दाखवावं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसीही दाखवावी. चासी नंबर आणि मालकाचा पत्ता मात्र झाकावा.

शेवटी विक्रेत्यासाठी: फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव बदलून घ्या. तोवर अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येऊ शकते.